पगाराचा आकडा चौथ्या फेरीनंतरच का कळावा?

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतील मुलाखतीच्या तयारीविषयीचा लेख वाचला. ‘पगाराचा विषय कंपनी काढेपर्यंत उमेदवाराने काढू नये, त्यातून उतावीळपणा दिसतो’ हे लेखकमहाशयांचे वाक्य आपण चौकटीत, ठळक टाइपात छापले आहे, म्हणून हे पत्र. तेच वाक्य आतल्या मजकुरात कुठेतरी असते तर मी चहाबरोबर ते गिळले असते. मी चाकण पट्ट्यातील एका वाहनभाग कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो, नोकरीला सोळा वर्षे झाली आहेत, आणि लेखकमहाशयांचा हा सल्ला मी गेल्या पावसाळ्यात तंतोतंत पाळून पाहिला आहे.

एका कंपनीकडून मला बोलावणे आले. (नाव लिहीत नाही. आपणही छापणार नाही आणि मलाही पुन्हा नोकरी शोधायची आहे.) पहिल्याच फोनवर नेहमीचे तीन प्रश्न झाले, ते म्हणजे करंट सीटीसी, म्हणजे कंपनी माझ्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, किती, एक्स्पेक्टेड किती आणि नोटीस पिरियड किती. मी तिन्हींची उत्तरे दिली. माझा चौथा प्रश्न तोंडावर होता, पण तो ‘उतावीळपणा’ ठरेल म्हणून गिळला. त्यानंतर चार फेऱ्या झाल्या. एक व्हिडिओ कॉलवर झाली आणि तीन त्यांच्या कारखान्यात, ज्यांच्यासाठी प्रत्येक वेळी अर्धा दिवस रजा टाकावी लागली. साहेबांना तिन्ही वेळा दातांच्या डॉक्टरांचे कारण दिले. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, “आता उरलेत तरी किती?” तिसऱ्या फेरीसाठी तर मशिनिंग लाइनवरचे रिजेक्शन कसे कमी कराल यावर वीस स्लाइडचे सादरीकरण करून आणायला सांगितले. ते मी दोन रात्री जागून केले आणि पाठवून दिले. त्या स्लाइड आज कुणाच्या संगणकात आहेत कोण जाणे.

चौथ्या फेरीनंतर ऑफर आली ती 16 लाखांची. माझा तेव्हाचा सीटीसी 14 लाख 40 हजार होता, म्हणजे वाढ 11 टक्के. घरी पेढे आणायचे का, अशी चर्चा झाली, आणि मग मी त्या ऑफरला जोडलेला तक्ता उघडला.

जुन्या नोकरीत व्हेरिएबल नावाचा प्रकार नव्हता आणि ग्रॅच्युइटी सीटीसीच्या बाहेर होती. महिन्याला 1 लाख 20 हजारांतून कंपनीच्या वाट्याचा पीएफ 5,760, तेवढाच माझ्या वाट्याचा आणि व्यवसाय कराचे 200 रुपये वजा जाता, आयकरापूर्वी हातात 1,08,280 येत होते. नव्या 16 लाखांतले 2 लाख 40 हजार व्हेरिएबल, म्हणजे कंपनीचा नफा आणि साहेबांची मर्जी जुळली तर वर्षअखेरीस मिळणारे. उरले 13 लाख 60 हजार. त्यात मूळ पगार महिना 56,000 धरलेला, म्हणून कंपनीच्या वाट्याचा पीएफ वर्षाला 80,640. ग्रॅच्युइटीपोटी मूळ पगाराच्या 4.81 टक्के, म्हणजे सुमारे 32,300. (दर वर्षामागे 26 दिवसांच्या महिन्यातले 15 दिवस, म्हणून हा विचित्र दशांश येतो.) ती मिळण्यासाठी साधारणपणे पाच वर्षे टिकावे लागते, पण पगारात ती पहिल्या दिवसापासून मोजलेली. शिवाय विम्याच्या हप्त्याचे 18,000 हेही माझ्याच ‘पगारात’. हे सारे वगळून आणि माझा पीएफ व व्यवसाय कर कापून महिन्याला हातात येणारी रक्कम होते साधारण 95,500. म्हणजे कागदावर 11 टक्के वाढ आणि घरात दरमहा पावणेतेरा हजारांची घट. पीएफ जास्त जमा झाला असता हे मान्य, तो पैसा माझाच, पण गृहकर्जाचा हप्ता पीएफ खात्यातून जात नाही.

मी नकार कळवला तेव्हा एचआरच्या बाईंना खरोखर वाईट वाटले. त्या म्हणाल्या, “सर, आधी सांगितलं असतंत तर!” यावर काय बोलावे?

लेखकमहाशयांना वाटते की पहिल्या फेरीच्या वेळी कंपनीलाही आकडा ठाऊक नसतो आणि उमेदवार पाहून तो ठरतो. हे कुणी सांगितले त्यांना? पद भरायला मंजुरी घेताना त्या अर्जातच श्रेणी आणि बजेट लिहावे लागते, त्याशिवाय भरतीची फाइल पुढे सरकत नाही, आणि आमच्या विभागात माणूस घेताना तो अर्ज मी स्वतः भरून देतो. मध्ये कन्सल्टंट असेल तर त्याचे शुल्क बहुधा वार्षिक सीटीसीच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार असतो. आकड्याचा अंदाज असल्याशिवाय तो माणूस फोन तरी कशाला उचलेल? आकडा सर्वांना माहीत असतो, फक्त ज्याला तो मिळायचा त्यालाच नसतो. आणि त्याच्याकडून मात्र तीन महिन्यांच्या पगार चिठ्ठ्या आधी मागवून घेतल्या जातात. ताकाला जाऊन भांडे लपवू नये म्हणतात. इथे भांडे आम्ही उघडे करून दाखवायचे आणि ताक किती आहे ते मात्र विचारायचे नाही.

त्यानंतर दिवाळीच्या सुमारास दुसऱ्या एका कंपनीची पहिली फेरी झाली आणि दुसरीचे निमंत्रण आले, तेव्हा मी उत्तर दिले ते इंग्रजीत, पण त्याचा मराठी तर्जुमा लेखकमहाशयांसाठी देतो, म्हणजे उतावीळपणा कुठे आहे ते त्यांनी बोट ठेवून दाखवावे: “दुसऱ्या फेरीसाठी बोलावल्याबद्दल आभारी आहे. कामाचे स्वरूप मला आवडले आहे. वेळ नक्की करण्यापूर्वी या पदासाठी मंजूर असलेल्या निश्चित वार्षिक पगाराची किमान आणि कमाल मर्यादा, व्हेरिएबल, ग्रॅच्युइटी आणि विमा वगळून, कळवू शकाल का? ती माझ्या अपेक्षेच्या जवळपास असल्यास गुरुवारी किंवा शुक्रवारी दुपारी तीननंतर मी येऊ शकतो.”

यातले शेवटचे वाक्य मुद्दाम घातले होते, कारण वार आणि वेळ दिली की माणूस अडून बसलेला नाही, यायला तयार आहे, हे समोरच्याला दिसते. ‘निश्चित’ हा शब्दही मुद्दामच होता, कारण नुसती ‘रेंज’ विचारली की उत्तर सीटीसीचे येते आणि वर सांगितलेला तक्ता पुन्हा शेवटीच उघडतो. पहिल्या फोनवर मी हे विचारत नाही, कारण तेव्हा त्यांनाही मी नको असण्याची शक्यता असते आणि प्रश्न टाळणे सोपे जाते. त्यांनी पुन्हा बोलावले की त्यांनाही थोडी गरज निर्माण झालेली असते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या एचआरमधून फोन आला. “सर, रेंज आम्ही शेअर करत नाही, तुम्ही तुमचं एक्स्पेक्टेशन सांगा ना.” मी म्हटले, “मॅडम, सांगायला हरकत नाही. पण मी सोळा म्हणालो आणि तुमच्याकडे अठरा मंजूर असतील तर माझं नुकसान, आणि तेराच असतील तर आपल्या दोघांचाही वेळ वाया. निदान वरची मर्यादा सांगा.” त्या क्षणभर थांबल्या आणि “विचारून सांगते” म्हणाल्या. संध्याकाळी मेसेज आला: निश्चित पगार 12 ते 13.5 लाख. माझा निश्चित पगार, कंपनीचा पीएफ सोडून, 13 लाख 71 हजार होता. मी आभार मानले आणि माघार घेतली. रजा शून्य, स्लाइड शून्य, दात शाबूत.

सगळीकडे हे चालते असे मी म्हणत नाही. नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलांना कॅम्पसमध्ये पॅकेज ठरलेलेच असते, तिथे विचारण्यासारखे काही नसते. माझ्या एका सहकाऱ्याला ‘12 ते 22 लाख’ असे उत्तर मिळाले, म्हणजे त्या कंपनीचे इंजिनिअर घ्यायचा की मॅनेजर हेच ठरायचे होते. अशा वेळी ‘माझ्या अनुभवाचा माणूस यात कुठे बसतो?’ असा दुसरा प्रश्न विचारावाच लागतो. आणि सांगितलेल्या मर्यादेतच ऑफर येईल असे कुठलेही बंधन आपल्याकडे कंपनीवर नाही. पण विचारल्यामुळे ज्या कंपनीने बोलणेच तोडले, तिथे चौथ्या फेरीनंतर काय वाढून ठेवले असेल, याचा अंदाज मला पहिल्या अनुभवावरून आहे.

गंमत अशी, की ज्या पहिल्या कंपनीने मला चार वेळा बोलावले तिची मातृसंस्था युरोपातील आहे. युरोपीय महासंघाने 2023 मध्ये काढलेल्या निर्देशानुसार उमेदवाराला सुरुवातीचा पगार किंवा त्याची मर्यादा, जाहिरातीत, मुलाखतीपूर्वी किंवा अन्य प्रकारे, पगाराची बोलणी माहितीनिशी करता येतील अशा रीतीने सांगायची आहे आणि आधीच्या नोकरीत किती मिळत होते हे विचारायचेच नाही. सदस्य देशांना त्याप्रमाणे कायदे करण्यासाठी 7 जून 2026 ही मुदत दिलेली आहे. न्यूयॉर्क शहरात तर नोव्हेंबर 2022 पासून जाहिरातीतच आकडे द्यावे लागतात. इतके लांब जायचीही गरज नाही. आपल्या राज्य सरकारची लिपिक-टंकलेखकाची जाहिरात उघडा, वेतनश्रेणी 19,900 ते 63,200 अशी तिथे स्वच्छ छापलेली असते, आणि ती वाचून अर्ज करणाऱ्या लाखो मुलांना कुणी पैशाला हपापलेले म्हणत नाही.

जाता जाता आपल्याच वृत्तपत्राबद्दल. कालच्याच अंकातल्या छोट्या जाहिरातींत सुरक्षारक्षक हवा आहे, तिथे ‘18,000 अधिक राहण्याची सोय’ असे लिहिले आहे. स्वयंपाकीण हवी आहे, तिथेही आकडा आहे. त्याच पानावर मोठ्या चौकटीत अनुभवी अकाउंटंट, सेल्स मॅनेजर आणि इंजिनिअर हवे आहेत, आणि तिन्ही ठिकाणी ‘आकर्षक पगार’. जाहिरात विभागाने हा शब्द घेणे बंद केले तर ओळीमागे मिळणारे पैसे कमी होणार नाहीत, उलट आकड्यांची जागा वाढेल.

लेखकमहाशयांना एवढेच विचारावे, की कालच्या लेखाचे मानधन किती हे त्यांना लेख लिहायला घेण्यापूर्वी कळले होते, की छापून आल्यावर?

आपला,
एक नियमित वाचक, चिंचवड