निखिलला, ताटाविषयी

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

रिपोर्ट वाचला. ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ म्हटल्याबरोबर तू तूप बंद केलंस, असं प्राजक्ता सांगत होती. वरणभातावरच्या चमचाभर तुपाने एवढं होत नाही रे. शरीराला लागतं त्याहून जास्त पोटात गेलं, त्यातही साखर, मैदा आणि भात, की यकृत त्या जादा भागाची चरबी करून स्वतःतच साठवतं. हॉस्पिटलच्या आहार विभागात मी इतकी वर्षं काढली, तिथे तूप सोडून चहा तसाच ठेवलेली माणसं रोज बघायचे.

तुझाच दिवस घे. चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर. चमच्यात पाच ग्रॅम धरली तरी दिवसाला चाळीस ग्रॅम, म्हणजे महिन्याला सव्वा किलोच्या आसपास साखर नुसत्या चहातून! रात्रीच्या बिर्याणीबरोबरचं कोल्ड्रिंक त्यात धरलेलंच नाही. म्हणून सुरुवात तिथून कर. चहा दोनच कप घे, आधी एक चमचा साखर, मग अर्धा. बिनसाखरेची काळी कॉफी चालते, यकृताला ती चांगलीच. कोल्ड्रिंक आणि डब्यातला ज्यूस बंद. फळ चावून खायचं, रस काढायचा नाही. शनिवारची बिअरही बंद, त्यात घासाघीस नको.

आता डबा. चार पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वर भात, हे तिन्ही एकाच जातीचं. त्याऐवजी दोन फुलके, वाटी-दीड वाटी पालेभाजी किंवा दुधी-गवार-भेंडीसारखी भाजी, एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि ताक. वाटी म्हणजे आपली नेहमीची, दीडशे मिलीची. भात हवाच असेल तर अर्धी वाटी, आणि त्या दिवशी एक फुलका कमी. ज्वारीची भाकरी चांगली म्हणून दोन-दोन हाणू नकोस. एका भाकरीला दोन-तीन फुलक्यांचं पीठ लागतं, तेव्हा एकच. तेल दोघांत मिळून महिन्याला लिटरभर पुरवायचं.

नाश्त्याला पोहे चालतील, पण बशीभरच, आणि त्यात मूठभर मोड आलेली मटकी. नाहीतर मुगाची दोन धिरडी किंवा दोन उकडलेली अंडी. संध्याकाळी भूक लागते तेव्हा वडापावऐवजी मूठभर फुटाणे. रात्रीचं जेवण शक्यतो आठपर्यंत आणि दुपारपेक्षा हलकं. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी खाऊन ‘आज उपास केला’ म्हणू नकोस. तो निव्वळ स्टार्च, वर बटाटा आणि दाण्याचा कूट.

तुझं वजन ८० किलो. पाच टक्के उतरलं, म्हणजे चार किलो, की यकृतातली चरबी कमी व्हायला लागते. सूज उतरायला सात ते दहा टक्के, म्हणजे साडेपाच ते आठ किलो लागतात. पण आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. नुसत्या सूपवर राहून झटपट वजन उतरवलं तर यकृताची सूज उलट वाढू शकते, पित्ताशयात खडे होतात ते वेगळेच.

व्यायाम आठवड्याला दीडशे मिनिटं: पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणं. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग हवा. दोन दिवस उठाबशा, भिंतीला रेटून जोर किंवा सूर्यनमस्कार, कारण स्नायू साखर वापरतात. काटा हलला नाही तरी चालण्याने यकृतातली चरबी कमी होते, म्हणून पहिल्या महिन्यात कंटाळून सोडू नकोस. वजनाबरोबर कंबरही मोज, बेंबीच्या रेषेत. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत हवी.

यकृताच्या रक्तचाचणीतलं एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून बिनधास्त राहू नकोस, चरबी असूनही ते नॉर्मल येतं. सोनोग्राफीची ग्रेड चरबीबद्दल सांगते, यकृत किती कडक झालंय ते नाही. त्यासाठी फायब्रोस्कॅन लागेल का, ते डॉक्टरांना विचार. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी आणि कोलेस्टेरॉलही बघून घे. तीन महिन्यांनी रक्त, सहा महिन्यांनी सोनोग्राफी. डोळे पिवळे दिसले, पोट फुगलं किंवा पायांवर सूज आली, तर तारखेची वाट न पाहता दाखव.

आणि शेजारच्या काकांनी सांगितलेला ‘लिव्हर साफ करणारा’ काढा नको. गुळवेलीने यकृत बिघडल्याच्या केसेस मुंबईतल्या डॉक्टरांनीच नोंदवल्या आहेत.

पुढच्या आठवड्यात बाबा येताहेत, त्यांच्याबरोबर ज्वारीचं पीठ आणि मटकी पाठवते. लाडू या वेळी पाठवत नाही.

तुझी,
आई