मंत्रिमहोदय, ‘अपेंडिक्स दिसले नाही’ म्हणजे लगेच सीटी नव्हे

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,

मी सांगलीत रेडिओलॉजिस्ट आहे. गेल्या पावसाळ्यात जत तालुक्यातली नऊ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. आदल्या संध्याकाळी बेंबीभोवती दुखायला लागलं, रात्रीत दुखणं उजवीकडे खाली उतरलं, दोन उलट्या झाल्या, ताप चढला. सोबतच्या सोनोग्राफीच्या कागदावर एकच ओळ होती : अपेंडिक्स दिसले नाही, सीटी करावा. सीटीसाठी वडील उसने पैसे घेऊनच आले होते.

तिथल्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. त्यांच्याकडे फक्त मोठ्यांच्या पोटासाठीचा गोलसर तोंडाचा प्रोब होता. सडपातळ मुलाचं अपेंडिक्स त्वचेपासून फार खोल नसतं. ते नीट दिसायला जास्त फ्रिक्वेन्सीचा सपाट, लिनियर प्रोब लागतो.

“कुठं दुखतंय, एका बोटानं दाखव बाळ,” म्हटलं, आणि तिनं बोट ठेवलं तिथंच प्रोब टेकवून दाब हळूहळू वाढवत नेला. दाबानं आतड्यातला वायू सरकतो आणि निरोगी आतडं चपटं होतं. सुजलेलं अपेंडिक्स चपटं होत नाही. एका टोकाला बंद असलेली, न हलणारी नळी दिसते, बाहेरून मोजली तर 6 मिलिमीटरपेक्षा जाड. नुसत्या आकड्यावर मात्र विसंबू नये. काही निरोगी मुलांतही तो थोडा ओलांडला जातो, आणि फुटलेलं अपेंडिक्स उलट पिचकतं. म्हणून भोवतालची चरबी पांढुरकी झालीय का, डॉप्लरवर भिंतीत रक्तप्रवाह वाढलाय का, हेही बघावं लागतं.

तिच्या अपेंडिक्सचा मुळाकडचा भाग 5 मिलिमीटर होता आणि दबतही होता. टोक मात्र सीकमच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या मागे, वायूआड. टोक न बघता ‘नॉर्मल’ लिहिलं असतं तर तिला घरी पाठवलं गेलं असतं. सर्जननी तिला ठेवून घेतलं, सलाइन लावलं, तोंडानं काही दिलं नाही. आठ तासांनी डाव्या कुशीवर वळवून पुन्हा बघितलं. टोक 9 मिलिमीटर, आत खडा, खड्यामागे काळी सावली, भोवती पांढरी चरबी. रात्रीच ऑपरेशन झालं. सीटी झालाच नाही.

सीटीत रेडिएशन असतं आणि वाढत्या वयाच्या पेशींना ते जास्त बाधतं. एका सीटीचा धोका लहान, पण टाळता येतो तो कशाला घ्यायचा? शिवाय बारीक मुलांच्या पोटात चरबी कमी, त्यामुळे सीटीतही अवयव वेगळे ओळखणं कठीण जातं. सोनोग्राफी दोनदा करूनही उत्तर मिळत नसेल आणि पोटाची लक्षणं वाढत असतील, किंवा फुटून खोलवर पू साठल्याची शंका असेल, तर एमआरआय नाहीतर सीटी करावाच. सीटीचा डोस मात्र मुलाच्या वजनाप्रमाणे ठेवून.

माझं मागणं छोटं आहे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या खरेदीत सोनोग्राफी मशीनबरोबर लिनियर प्रोब सक्तीचा करा. आणि मुलांच्या रिपोर्टच्या नमुन्यात दोन रकाने वाढवा : टोक दिसले का, आणि दिसले नसेल तर पुन्हा तपासणी किती वाजता.

आपला,
सांगलीतला एक रेडिओलॉजिस्ट