मते तीच, जागा वेगळ्या

महोदय,

‘साध्या बहुमताची पद्धत आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व यांत नेमका फरक काय’, अशी विचारणा आपल्या पत्रस्तंभात एका वाचकाने केली होती. एका उदाहरणाच्या आधारे तिला थोडक्यात उत्तर देतो.

समजा, पाच जागांसाठी एक लाख मते पडली आणि त्यांपैकी ‘क’ पक्षाला 42 हजार, ‘ख’ला 31 हजार, ‘ग’ला 19 हजार आणि ‘घ’ला 8 हजार मते मिळाली. पहिल्या पद्धतीत पाच स्वतंत्र मतदारसंघ असतात आणि प्रत्येकात ज्याची मते सर्वांत जास्त, तो निवडून येतो. त्याला निम्म्याहून अधिक मते मिळालेली असण्याची अट नसते. चारही पक्षांची मते सर्वत्र याच प्रमाणात विखुरलेली असतील, तर ‘क’ पाचही जागा जिंकतो आणि उरलेल्या 58 हजार मतदारांचा एकही प्रतिनिधी सभागृहात पोहोचत नाही. मात्र ‘ख’चे मतदार दोन मतदारसंघांत एकवटलेले असतील, तर तेवढ्याच मतांवर त्याला दोन जागा मिळू शकतात. म्हणजे मते किती, याइतकेच ती कुठे पडली यालाही इथे महत्त्व असते. ब्रिटनच्या 2024च्या निवडणुकीत रिफॉर्म यूके पक्षाला सुमारे 14 टक्के मतांवर 5 जागा मिळाल्या, तर लिबरल डेमोक्रॅट्सना सुमारे 12 टक्के मतांवर 72.

प्रमाणशीर पद्धतीत पाचही जागांचा मिळून एकच मतदारसंघ असतो. जागावाटपाची सूत्रे अनेक आहेत. बऱ्याच देशांत वापरले जाणारे डी’होंट सूत्र इथे घेऊ. प्रत्येक पक्षाच्या मतांना 1, 2, 3 असे क्रमाने भागायचे आणि येणाऱ्या सर्व भागाकारांतले सर्वांत मोठे पाच निवडायचे. आपल्या उदाहरणात ते 42 हजार (क), 31 हजार (ख), 21 हजार (क), 19 हजार (ग) आणि 15,500 (ख) असे येतात. म्हणून ‘क’ला दोन, ‘ख’ला दोन आणि ‘ग’ला एक जागा.

‘घ’ मात्र इथेही रिकाम्या हाताने परततो, आणि ‘प्रमाणशीर’ म्हटल्यावर प्रत्येक पक्षाला वाटा मिळतोच असे मानणाऱ्यांची गल्लत नेमकी इथे होते. हेच गणित पुढे नेले, तर मतदारसंघात दहा जागा असूनही ‘घ’ला काही मिळत नाही, कारण दहावी जागा 8,400च्या भागाकारावर ‘क’कडे जाते, अकरावी जागा असेल तेव्हाच ‘घ’चे 8 हजार कामी येतात. म्हणून एखाद्या देशाची पद्धत प्रमाणशीर आहे असे ऐकले, की एका मतदारसंघातून किती जण निवडले जातात हे आधी विचारावे. नेदरलँड्समध्ये कनिष्ठ सभागृहाच्या 150 जागा देशभरातील एकत्रित मतांवर वाटल्या जातात, त्यामुळे तिथे एक टक्क्याहून कमी मतांवरही पक्ष सभागृहात येतो. उलट जर्मनीत पक्षाच्या यादीतून जागा मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे किमान पाच टक्के मतांची अट आहे. सभागृहात लहान पक्षांची फार गर्दी झाली की सरकार बनवणे कठीण होते, हा या पद्धतीवरचा आक्षेप मला रास्त वाटतो. पण त्यावरचा उपाय अशा किमान अटीत आहे, 42 टक्के मतांना सगळ्या जागा देण्यात नाही.

आपला,
एक नियमित वाचक