दाखल्यासाठी तिसरी खेप

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

मी बरी आहे. थंडीची काळजी नको, घर ऊबदार असतं. आई, मी बारीक झालेले नाही, त्या कॅमेऱ्यात सगळेच तसे दिसतात.

बाबा, कॉलेजच्या इंग्रजी माध्यमाच्या दाखल्याचा फोटो मिळाला. कोरेगावहून साताऱ्याला दोन खेपा झाल्या तुमच्या, आणि मी तिसरी सांगतेय. रागावू नका. पहिला बोनाफाईड निघाला, तो या कामाचा नाही. या दुसऱ्यात 'शिकवण्याचं माध्यम इंग्रजी' एवढंच आहे. इथल्या जर्मन विद्यापीठाला शिकवणं आणि परीक्षा दोन्ही इंग्रजीत झाल्याचं लिहून हवंय. क्लार्क म्हणाले ना, 'बी.कॉम.ची मुलं मराठीतूनही पेपर लिहितात, परीक्षेचं कसं देऊ?' त्यांचं चुकीचं नाही. म्हणून अर्जात कॉलेजचं माध्यम विचारू नका, माझं विचारा. माझ्या सहाही सेमिस्टरच्या परीक्षा अर्जांवर माध्यम इंग्रजी आहे. झेरॉक्स निळ्या फाईलीत, मार्कलिस्टांच्या मागे. त्या जोडल्या की प्राचार्यांना सही करायला आधार मिळेल. नाव मार्कलिस्टवर आहे तसंच घाला, आणि गोल शिक्क्याबरोबर जावक क्रमांकही बघा. या वेळी तो राहिलाय. उद्या इथून कुणी मेल करून खात्री करायला गेलं, तर नंबराशिवाय कॉलेजलाच आपला दाखला सापडणार नाही. माझं अधिकारपत्र सोबत आहेच.

शेजारचे काका काहीही म्हणोत, या कागदावर आयईएलटीएस सगळीकडे माफ होत नाही. मी दोन ठिकाणी अर्ज करतेय, त्यातल्या एकीकडेच तो चालतो. दुसरीकडे परीक्षा द्यावीच लागेल, फी मी साठवलीय.

कुरिअर करताना पत्त्यात ज्यांच्याकडे मी राहते त्यांचं आडनाव घालायचंच. इथे जर्मनीत फ्लॅटला सहसा नंबर नसतो. खाली पत्रपेट्यांची रांग असते, प्रत्येकीवर आडनावाची चिठ्ठी. पोस्टमन फक्त ती वाचतो. आडनाव पेटीवर नसेल तर माणूस तिथे राहत नाही, पत्र परत! शेजाऱ्याला विचारणं नाही, 'साताऱ्याकडची पोरगी कुठे' नाही. मी माझी चिठ्ठी चिकटवली होती, पावसात शाई पसरली आणि बँकेचं पत्र परत गेलं. आता वर सेलोटेप मारलीय.

आणखी एक. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी बँकेत अडकवून दाखवावे लागतात. दरमहा थोडे थोडे आपल्यालाच मिळतात, ती फी नव्हे. दादा एफडी मोडतो म्हणाला. ती माझ्या लग्नासाठी ठेवलेली, माहीत आहे मला. आधी कर्जाचं विचारू, मोडू नका.

कराडच्या स्थळाला नाही म्हणू नका, थांबायला सांगा. थांबले नाहीत तर... आई, तू त्यांच्या आईशी बोललीस, मला कळलंय. दिवाळीला पैसे पाठवते म्हटलेले, तेही राहिले. गुडघा दुखत असेल तर बाबा, दादाला पाठवा साताऱ्याला.

तुमची,
पिंकी