प्रॉम्प्टरची स्क्रिप्ट देण्याआधी

सभासदांनो, प्रॉम्प्टरच्या एका ओळीत चार-पाचच शब्द ठेवा. ओळ लांबली की निवेदकाची फिरती नजर कॅमेऱ्यात दिसते. ओळ अर्थ पाहूनच तोडा. मराठीत नकार शेवटी येतो, त्यामुळे हे फार जपायला हवं:

उद्या कार्यालय उघडणार
नाही.

इथे निवेदक ‘उघडणार’वर आवाज खाली आणतो आणि वाक्य उलटं ऐकू येतं. ‘उघडणार नाही’ एकाच ओळीत घ्या.

अक्षराचा आकार कॅमेऱ्याच्या अंतरावरूनच ठरवा. रफार आणि अनुस्वार डोळे बारीक न करता दिसले पाहिजेत.

छोट्या थांब्याला एक तिरकी रेघ, मोठ्याला दोन. ‘थांबा’, ‘सावकाश’ या सूचना वेगळ्या रंगात, कंसात आणि स्वतंत्र ओळीवर द्या. मजकुरात मिसळल्या तर त्याही वाचल्या जातात.