मनू, डेमोबद्दल

मनू बाळा, फोनवर तू म्हणालीस नोकरीच्या डेमोत पाचवीला दशांश अपूर्णांक दहा मिनिटांत शिकवणार, तर आधी ते कमी कर. व्याख्या, वाचन, बेरीज सगळं कोंबू नकोस, फक्त एकच घे, ०.५ मोठा की ०.३५.

गेल्या गेल्या दोन्ही आकडे फळ्यावर लिही आणि मोठा कुठला ते वहीत लिहायला सांग, हात वर करायला नको, कारण मग हुशार पोराकडे बघून सगळे हात वर करतात. निम्मी मुलं ०.३५ लिहितील, पस्तीस पाचापेक्षा मोठे ना! त्यात आपलीही चूक असते, आपण "पॉइंट पस्तीस" म्हणतो. तू "पॉइंट तीन पाच" म्हण. कोण चुकलं ते लगेच सांगू नकोस, दीड मिनिटात पुढे जा.

मग चार मिनिटं चौकटी. दोन चार्टपेपरवर दहा बाय दहा घरं आखून ने, घर ५ सेंमीचं, म्हणजे मागच्या बाकावरून दिसेल. अख्खा चौकोन म्हणजे १, एक उभी पट्टी एक दशांश, एक घर एक शतांश. घोटीव कागदाच्या पट्ट्या घरूनच कापून ने, तिथे रंगवत बसलीस तर वेळ गेला. पहिल्यावर पाच पट्ट्या, दुसऱ्यावर तीन पट्ट्या आणि पाच सुटी घरं, आणि चिकटवायला मुलांनाच बोलव. ५० घरं आणि ३५ घरं समोर दिसली की पोरंच म्हणतात, अगं बाई, पाच म्हणजे पाच घरं नाहीत, पाच पट्ट्या! हे त्यांच्याच तोंडून येऊ दे. "शेवटी शून्य लाव आणि तुलना कर" हा नियम आधी देऊ नकोस, उत्तर बरोबर येतं पण पट्टी आणि घर यातला फरक डोक्यात शिरत नाही. पैशाचं उदाहरणही जपून, २.५ रुपये म्हणजे दोन रुपये पाच पैसे असं हमखास ऐकशील.

शेवटची तीन मिनिटं तपासायला ठेव आणि इथे खरी गंमत आहे. नुसतं ०.६ आणि ०.४८ विचारलंस तर "कमी आकडे तो मोठा" असं धरून बसलेलं पोरगंही बरोबर सुटतं. म्हणून जोडीला ०.३ आणि ०.४७ हवंच, तिथे ते पकडलं जातं. वेळ उरला तर ०.७ आणि ०.७०.

माझ्या पहिल्या डेमोत मी प्रस्तावनेतच पाच मिनिटं घालवली, मुख्य भाग सुरू होताच बेल वाजली, नोकरी अर्थातच नाही मिळाली. 🙂 समोर मुलं नसून कमिटीची माणसं बसलेली असली तरी प्रश्न त्यांनाच विचार, मुद्दाम चुकीचं उत्तर देतील, तेव्हा "नाही" न म्हणता चौकट दाखव आणि "घरं मोजा बरं" म्हण.

सेलोटेप आणि कात्री पर्समध्ये टाक, तिथे मिळेलच असं नाही. रात्री घड्याळ लावून बाबांना शिकव, ते ०.३५ च म्हणतील बघ.

तुझी आई