हैदराबादच्या त्या दोघांचे आभार

वडील नांदेडच्या मिलमध्ये साचा खात्यात होते. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या कंपनीची माहिती शोधायला घेतली. आमच्याकडे सगळे ‘नांदेड टेक्स्टाइल’ म्हणायचे, पण त्या नावाने जुनं काहीच सापडेना. एका कार्यालयात तर “एवढं जुनं कशाला पाहिजे बाई?” असं म्हणून परत पाठवलं.

शेवटी हैदराबादच्या अभिलेखागारात गेले. तिथल्या कर्मचारी ताईंनी आधी मला बसवून पाणी दिलं. मग १९७४ चा गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा काढून त्याची यादी दाखवली. त्यात गिरणीसमोर जुन्या मालक कंपनीचं नावही असतं. त्यावरून कळलं, आमची गिरणी म्हणजे निजामाच्या काळातली उस्मानशाही मिल. नांदेड १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, म्हणून त्याआधीचे कागद मुंबईत नव्हे, इथे शोधायचे.

फाइल आली ती उर्दूत. शेजारच्या टेबलावरचे एक वयस्कर चाचा आपलं काम बाजूला सारून मला वाचून दाखवत बसले. वडिलांच्या कागदावरचं ‘१३५५’ आम्हाला कधी उलगडलं नव्हतं. ते म्हणाले, “बेटी, हे फसली साल, निजामाच्या राज्यातलं सरकारी वर्ष. इसवी सनासाठी ५९० मिळवा.” म्हणजे १९४५-४६!

वडिलांचं नाव मात्र मिळालं नाही. सरकारी फाइलींत शेअर, मशिनरी, मॅनेजर असतात. कामगारांचा मस्टर गिरणीतच राहायचा, हेही चाचांनीच समजावलं. जेवायची सुट्टी झाली तरी ते उठले नाहीत. नाव विचारलं तर नुसते हसले.

ताई, चाचा, मनापासून आभार.